गाडी ठोकल्यावर कंपनीला कळवायला नेमके किती दिवस असतात?

सावद्याहून केळी भरून सुरतेकडे निघालेली एक पिकअप एरंडोल सोडून पारोळ्याच्या अलीकडे रात्री अडीचच्या सुमारास कापसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीला ना लाल दिवा, ना चकाकणारी पट्टी. नोव्हेंबरमध्ये आपल्याकडच्या रस्त्यांवर अशा ट्रॉल्या रात्रभर चालतात. क्लिनरचा हात मोडला, ड्रायव्हर थोडक्यात वाचला आणि गाडीचं केबिन आत दबलं. गाडीमालक अमळनेर तालुक्यातले, वयाने माझ्याहून मोठे, म्हणून मी त्यांना आप्पा म्हणतो. अपघातानंतर अठराव्या दिवशी त्यांनी विमा कंपनीला फोन केला आणि विसाव्या दिवशी मला. मी वाहनांचे सर्व्हे करतो, पण त्यांच्या कंपनीने नेमलेला सर्व्हेअर दुसरा होता. मला फोन आला तो सल्ल्यासाठी.

"कंपनी म्हनस उशीर झाया, क्लेम नही भेटाव. आते काय करू भाऊ?"

मी विचारलं, "आप्पा, केबिन कुठे आहे?"

"जुनं? ते तर भंगारमा दी टाकं. नवं बशी गयं."

त्यांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या दोन वाक्यांत आलं होतं. ते कसं, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे. आप्पांची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील मी बदलले आहेत. हिशेबाची रीत मात्र तीच ठेवली आहे.

पॉलिसीत दिवस लिहिलेले नसतात

मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच: मुदत किती? कोणी चोवीस तास सांगतं, कोणी अठ्ठेचाळीस, कोणी सात दिवस. काही कंपन्यांच्या माहितीपत्रकात चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तास असं छापलेलं असतं, म्हणून आपल्या पॉलिसीचे कागद एकदा चाळून घ्यावेत. पण वाहन विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीतली अटींमधली पहिली अट वाचली तर तिथे आकडा सापडत नाही. त्या अटीचा अर्थ असा, की अपघाताने नुकसान झालं आणि त्याचा क्लेम होणार असेल, तर कंपनीला लेखी सूचना तात्काळ द्यावी आणि नंतर कंपनी मागेल ती माहिती व मदत द्यावी.

'तात्काळ' हा शब्द लवचीक आहे. ड्रायव्हर दवाखान्यात बेशुद्ध असेल तर तिसऱ्या दिवशी केलेला फोनही तात्काळ ठरू शकतो. सगळे धडधाकट असतील आणि गाडी घरासमोर उभी असेल, तर आठवडाही उशीरच. त्यामुळे कॅलेंडर मोजत बसण्यापेक्षा ही अट कशासाठी घातली आहे ते पाहिलं, की उशीर कुठे नडतो हे आपोआप कळतं.

कंपनीला तीन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायच्या असतात. अपघात खरंच झाला का, आणि सांगितला तसाच झाला का. नुकसान त्याच अपघाताचं आहे का, की आधीचंही त्यात मिसळलंय. आणि दुरुस्तीला खरोखर किती लागणार. यासाठी सर्व्हेअर पाठवतात. मोटार विम्यात ५० हजार रुपये किंवा त्याहून मोठ्या नुकसानीचा अंदाज परवानाधारक सर्व्हेअरनेच करावा लागतो. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या नियमांनुसार क्लेम कळवल्यापासून चोवीस तासांत सर्व्हेअर नेमला गेला पाहिजे. म्हणजे कंपनीचं घड्याळ आपल्या फोनपासून सुरू होतं. तोवर आपल्या बाजूचं घड्याळ चालू असतं आणि पुरावा झिजत असतो.

पुरावा झिजतो म्हणजे काय

आम्ही गाडीकडे कसं पाहतो ते सांगितलं तर हे समजेल. ताजा तुटलेला लोखंडी भाग चकचकीत दिसतो. पंधरा-वीस दिवसांत, त्यातही पाऊस-दव लागलं तर, त्याच्यावर तांबूस थर चढतो. मग तो काल तुटला की दोन महिन्यांपूर्वी, हे नजरेने सांगणं अवघड होतं. चिरलेल्या पत्र्यात धूळ आणि ग्रीस बसलेलं असेल तर ती चीर जुनी समजावी लागते. समोरच्या वाहनाचा रंग आपल्या पत्र्यावर घासला जातो, आणि तो ज्या उंचीवर लागलेला असतो त्यावरून समोर ट्रॉली होती, ट्रक होता की रस्त्याकडेचा खांब, याचा अंदाज येतो. गॅरेजात गाडी एकदा धुतली आणि पत्रा ठोकायला घेतला, की यातलं काहीच उरत नाही.

मोठ्या मालवाहू गाड्यांसाठी स्पॉट सर्व्हे असतो, म्हणजे अपघाताच्या जागीच गाडी हलवण्याआधी पाहणी. ब्रेकच्या खुणा, काचेचा सडा, गाडीचं तोंड कुठल्या दिशेला आहे, किती माल भरलाय, हे तिथेच दिसतं. रात्री अडीचला हायवेवर हे नेहमी जमतं असं नाही. वाहतूक तुंबते, पोलीस गाडी बाजूला घ्यायला सांगतात, आणि ते बरोबरच आहे. अशा वेळी फोटो काढून गाडी हलवली म्हणून कुठलाही समंजस सर्व्हेअर तक्रार करणार नाही. पण गॅरेजात गेल्यावर खोलली का, हा प्रश्न आम्ही विचारणारच.

आणखी एक गोष्ट उशिरासोबत येते, जी लोकांच्या लक्षात राहत नाही. रेडिएटर फुटलेला किंवा ऑइल गळत असलेली गाडी 'घरापर्यंत तर नेऊ' म्हणून तशीच चालवली आणि इंजिन जाम झालं, तर ते वाढलेलं नुकसान मालकाच्याच माथी येतं. पॉलिसीत त्याची वेगळी अट आहे: दुरुस्ती न करता गाडी चालवली आणि नुकसान वाढलं, तर जबाबदारी आपली. चाळीसगावच्या घाटातून अशी गाडी उतरवून आणणारे मी पाहिलेत. बंपरचा क्लेम होता, तो इंजिनचा झाला, आणि इंजिनचे पैसे मिळाले नाहीत.

आप्पांचे अठरा दिवस

आता आप्पांची तारीखवार हकीकत सांगतो, कारण उशीर एका झटक्यात होत नाही.

पहिल्या दिवशी पहाटे क्लिनरला सरकारी दवाखान्यात नेलं. हात मोडलेला असल्याने दवाखान्याने पोलिसांना कळवलं, जबाब झाला, जागेचा पंचनामा झाला. केळी दुसऱ्या गाडीत भरून पुढे पाठवावी लागली, नाहीतर व्यापाऱ्याचा सगळा माल गेला असता. दुपारी क्रेनने पिकअप जळगावच्या गॅरेजात आणली. त्याच संध्याकाळी आप्पांनी पॉलिसी काढून देणाऱ्या एजंटला फोन केला. एजंट म्हणाला, "काळजी करू नका, मी बघतो."

इथे पहिली चूक झाली, आणि ती इतकी नेहमीची आहे की तिच्याबद्दल जरा थांबून लिहितो. एजंटला सांगितलं म्हणजे कंपनीला सांगितलं, असं आपल्याकडे सगळे धरून चालतात. तो पाहुणा असतो, गावातला असतो, दरवर्षी हप्ता घ्यायला घरी येतो. पण पॉलिसीची अट कंपनीला लेखी सूचना द्यायची आहे, आणि एजंटशी फोनवर झालेलं बोलणं कुठेच नोंदलेलं नसतं. उद्या तो 'मला आठवत नाही' म्हणाला तर तुमच्या हातात काय राहतं? कंपनीच्या टोल फ्री नंबरवर, ॲपवर किंवा ईमेलवर कळवलं की क्लेम नंबर मिळतो. तो नंबर आणि त्यावरची तारीख-वेळ हाच तुमचा पुरावा. एजंटला जरूर सांगा, पण त्याच्याकडून क्लेम नंबर मिळेपर्यंत कंपनीला कळलंय असं धरू नका.

दुसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत आप्पा क्लिनरच्या ऑपरेशनच्या धावपळीत होते. हा उशीर समजण्यासारखा आहे आणि दवाखान्याच्या कागदांनी तो दाखवताही येतो. त्यानंतर दिवाळी आली. गाडी उभी राहिली तर हप्ते थांबत नाहीत आणि केळीचा हंगाम वाट पाहत नाही. गॅरेजवाल्याने मुंबईहून केबिन मागवतो म्हटल्यावर आप्पांनी 'मागव' म्हटलं. अकराव्या दिवशी जुनं केबिन उतरलं. तेराव्या दिवशी ते ६,५०० रुपयांना भंगारात गेलं. अठराव्या दिवशी एजंटने कबूल केलं की त्याने कुठेच कळवलेलं नाही.

विसाव्या दिवशी सर्व्हेअर आला तेव्हा नवीन, चकचकीत केबिन बसलेलं होतं. जुन्या केबिनचा एकही फोटो नव्हता. त्याच्या आठवड्याभरानंतर कंपनीचं पत्र आलं: सूचना देण्यास अठरा दिवसांचा विलंब, पहिल्या अटीचा भंग, क्लेम नामंजूर.

"सुप्रीम कोर्टाने सांगितलंय ना?"

आप्पांच्या पुतण्याने मला मोबाइलवर एक मजकूर पाठवला. त्याचा अर्थ असा, की सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, उशीर झाला म्हणून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही. हा मजकूर दरवर्षी कोणीतरी फिरवतो. त्यात खरं आहे, पण अर्धंच.

त्यामागचा एक महत्त्वाचा निकाल गुरशिंदर सिंग विरुद्ध श्रीराम जनरल इन्शुरन्स, जानेवारी २०२०, तीन न्यायमूर्तींच्या पीठाचा. ट्रॅक्टर चोरीला गेला होता. मालकाने पोलिसांत लगेच गुन्हा नोंदवला, पण विमा कंपनीला बावन्न दिवसांनी कळवलं. कोर्टाने क्लेम नाकारणं चूक ठरवलं. त्याआधी २०१७ मध्ये ओम प्रकाश विरुद्ध रिलायन्स जनरल या प्रकरणातही चोरीला गेलेल्या ट्रकचा मालक आठ दिवस उशिराने कळवून जिंकला होता.

दोन्ही प्रकरणं चोरीची आहेत, आणि २०२०च्या निकालात नेमका हाच फरक उलगडून सांगितलाय. गाडी चोरीला गेली की तपास पोलीस करतात. गाडीच जागेवर नसते, त्यामुळे सर्व्हेअर येऊन पाहणार काय? पोलिसांना लगेच कळवलं, तपासात गाडी सापडली नाही, तर कंपनीला थोडं उशिरा कळल्याने फार बिघडत नाही. अपघाताचं तसं नाही. तिथे नुकसान किती झालं हे कंपनीच्याच माणसाने येऊन मोजायचं असतं, आणि तात्काळ सूचनेची अट मुख्यतः त्यासाठीच आहे. म्हणजे ज्या निकालाचा आधार घेऊन अपघातग्रस्त गाडीचा मालक कंपनीशी भांडतो, त्याच निकालातलं हे वाक्य कंपनीचा वकील वाचून दाखवू शकतो.

मग अपघाताच्या गाडीला काहीच आधार नाही का? आहे, आणि तो फिरणाऱ्या मजकुरात सहसा नसतो. याच विमा नियामकाने, तेव्हाच्या आयआरडीएने, २० सप्टेंबर २०११ रोजी सगळ्या विमा कंपन्यांना परिपत्रक काढलं. खऱ्या क्लेमला केवळ उशिराच्या कारणावरून नकार देऊ नका, उशीर का झाला ते तपासा आणि नोंदवा, असं त्यात सांगितलंय. त्यातला गाभा असा, की नकार देण्याआधी, वेळेत कळवलं असतं तरीही हा क्लेम नाकारलाच गेला असता याची खात्री कंपनीने करून घेतली पाहिजे. उशीर मालकाच्या हाताबाहेरच्या कारणाने झाला असेल तर तो माफ करण्याची तरतूद पॉलिसीतच लिहावी, असंही त्यात सुचवलंय.

ही कसोटी नीट समजून घेतली की बरंच सोपं होतं. कंपनीला विचारायचं असतं एवढंच: मी पहिल्या दिवशी कळवलं असतं तर तुम्हाला काय दिसलं असतं, जे आज दिसत नाही? उत्तर 'काहीच नाही, सगळं आजही तसंच आहे' असं असेल तर उशिराचा मुद्दा पोकळ ठरतो. उत्तर 'केबिन' असेल, तर तेवढ्यापुरता तो खराच आहे.

काय हाती लागलं

आप्पांच्या बाबतीत उत्तर अर्धं-अर्धं होतं. केबिन गेलं होतं, पण पुढचा ॲक्सल, कमानपाटे आणि रेडिएटर हे काढलेले जुने भाग गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये तसेच पडून होते. चेसिसचं पुढचं टोक वाकलेलं होतं, आणि ते सरळ करायचं काम अजून बाकी होतं. रेडिएटर हातात घेतला तर त्याच्या दबलेल्या जाळीत कापसाचे तंतू आणि दोन-चार सरक्या अडकलेल्या सापडल्या. पंचनाम्यात समोरची ट्रॉली कापसाची लिहिलेली होती. वीस दिवसांनंतरही तो रेडिएटर साक्ष देत होता. मी आप्पांना सांगितलं, हे धुवू नका, हलवूही नका, तारीख दिसेल असे फोटो काढा.

मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहिलं. त्यात रडगाणं नव्हतं. अपघाताची तारीख-वेळ, पोलीस नोंद आणि पंचनाम्याची प्रत, दवाखान्याचे कागद, त्या रात्रीची केळीची बिल्टी आणि टोलवर कापले गेलेले फास्टॅगचे पैसे एवढं जोडलं. बिल्टीवर गाडीचा नंबर, माल आणि तारीख असते. फास्टॅगमुळे गाडी त्या रात्री त्या रस्त्यावर होती हे दिसतं, आणि त्यानंतर अठरा दिवस ती कुठल्याच टोलवरून गेली नाही, हेही दिसतं. हा दुसरा मुद्दा मला जास्त मोलाचा वाटला. अपघातानंतर गाडी धंद्याला फिरवून दुसरीकडे ठोकली आणि सगळं एकाच क्लेममध्ये घातलं, हा संशय त्याने मिटतो. शेवटी २०११च्या परिपत्रकाचा दाखला देऊन जुने भाग पुन्हा तपासावेत, अशी विनंती केली.

सर्व्हेअर पुन्हा आला. हिशेब असा झाला. गॅरेजचं एकूण बिल १,७०,००० रुपये. त्यात बंपर आणि हेडलाइट ९,००० रुपयांचे. मालवाहू गाडीच्या साध्या पॉलिसीत ते जादा हप्ता भरल्याशिवाय बसतच नाहीत, तेव्हा त्यांचा उशिराशी संबंध नव्हता. प्रत्यक्ष पाहता आलेल्या लोखंडी भागांची किंमत ३७,००० रुपये. गाडी तीन वर्षांहून थोडी जास्त जुनी असल्याने धातूच्या भागांवर २५ टक्के घसारा, म्हणून २७,७५० उरले. चेसिस आणि इतर कामाची मजुरी १४,०००. बेरीज ४१,७५०. त्यातून पॉलिसीतली ठरलेली ५०० रुपयांची वजावट आणि जुन्या भागांची भंगार किंमत १,२५० गेली. आप्पांना मिळाले ४०,००० रुपये.

आता वेळेत कळवलं असतं तर काय झालं असतं तेही पाहू. केबिन ९२,००० रुपयांचं, २५ टक्के घसारा जाऊन ६९,०००. ते बसवण्याची मजुरी १२,०००. समोरची काच ६,०००, काचेवर घसारा लागत नाही. बेरीज ८७,०००, त्यातून जुन्या केबिनची भंगार किंमत ६,५०० वजा. म्हणजे आणखी ८०,५०० रुपये. एवढी रक्कम गेली, आणि ती अठरा दिवसांमुळे गेली असं मी म्हणणार नाही. गेली ती तेराव्या दिवशी, भंगारवाल्याची हातगाडी गॅरेजातून बाहेर पडली तेव्हा. केबिन जागेवर असतं तर अठराव्या दिवसाचा क्लेमही बराचसा वाचला असता.

केबिनचे पैसे मागण्यासाठी आप्पा पुढे गेले नाहीत. मीही आग्रह केला नाही. न पाहिलेल्या, फोटो नसलेल्या केबिनचं नुकसान मी सर्व्हेअर असतो तर मीही लिहिलं नसतं.

उशीर झालाच असेल तर

आधी एक गोष्ट: दुरुस्ती थांबवा. गॅरेजवाला घाईत असतो, त्याचा दोष नाही, त्याला जागा मोकळी हवी असते. पण सर्व्हेअरने पाहिल्याशिवाय गाडी खोलायची नाही, हे त्याला स्वच्छ सांगा. कारच्या पॉलिसीत मालकाला स्वतःहून दुरुस्ती सुरू करायची जी मुभा छापलेली असते, ती अवघ्या ५०० रुपयांपर्यंतची आहे. आजच्या काळात तेवढ्यात आरसाही येत नाही. काही भाग आधीच काढले असतील तर ते एका पोत्यात भरून गाडीशेजारी ठेवा.

मग कळवा, आणि उशिराचं कारण लेखी द्या. कारण खरं असावं आणि कागदाने दाखवता यावं. 'घरगुती अडचण' असं लिहिलं की वाचणारा पुढे वाचत नाही. 'क्लिनर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत दवाखान्यात दाखल होता, मी सोबत होतो, डिस्चार्ज कार्ड जोडले आहे' असं लिहिलं तर त्याला उत्तर द्यावं लागतं. एजंटला त्याच दिवशी फोन केला असेल तर मोबाइलमधली कॉलची नोंद जपून ठेवा. तिने अट पूर्ण होत नाही, पण तुम्ही झोपून राहिला नव्हता एवढं दिसतं.

तारीख मात्र बदलू नका. हा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो: "अपघात कालच झाला असं सांगू, कोणाला कळतंय?" कळतं. गंजावरून कळतं, फास्टॅगवरून कळतं, दवाखान्याच्या नोंदीवरून कळतं. उशिराचा क्लेम लढवता येतो. खोट्या तारखेचा क्लेम एकदा उघडा पडला की त्यातलं खरं नुकसानही बुडतं, आणि माझ्यासारख्याला इच्छा असूनही मदत करता येत नाही.

समोरचा माणूस जखमी झाला असेल किंवा दगावला असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार ड्रायव्हरवर विमा कंपनीला लेखी माहिती देण्याची जबाबदारीच आहे: पॉलिसीचा नंबर आणि मुदत, अपघाताची तारीख, वेळ आणि जागा, जखमी किंवा मृत व्यक्तींचा तपशील, ड्रायव्हरचं नाव आणि लायसन्स. आणि आपण कळवायला उशीर केला म्हणून त्या जखमीचा थर्ड पार्टी भरपाईचा हक्क जात नाही. आपल्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम आणि त्याचा क्लेम हे दोन वेगळे रस्ते आहेत.

पत्र देऊनही कंपनी नुसत्या उशिरावर अडून बसली, किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. जळगाव, धुळे, नंदुरबारसाठी ते कार्यालय पुण्यात आहे. तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं. दुसरा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा, तिथे मुदत दोन वर्षांची. अटीचा भंग झालाय पण तो मुळावर घाव घालणारा नाही, असं वाटलं तर ग्राहक आयोग कधीकधी मंजूर होण्याजोग्या रकमेच्या ७५ टक्क्यांपर्यंत देतात. २०१० मध्ये अमलेंदू साहू प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ही वाट धरली होती. ते प्रकरण उशिराचं नव्हतं, खासगी गाडी भाड्याने दिल्याचं होतं, तरी ग्राहक आयोगांपुढे वकील त्याचा दाखला देतात.

आप्पांच्या नव्या केबिनच्या दारावर आता आतल्या बाजूने एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर कंपनीचा टोल फ्री नंबर, पॉलिसी नंबर आणि ड्रायव्हरसाठी मोठ्या अक्षरात एकच ओळ आहे: 'ठोकनी तं पहिले फोटू, मंग हाऊ नंबर, मंग माले.'